डिझायनर नसताना संस्थेच्या सगळ्या पीपीटी एकसारख्या कशा दिसतील?

प्रश्न: आमची ठाण्यात वागळे इस्टेट भागात छोटी संस्था आहे. वस्त्यांमध्ये संध्याकाळच्या अभ्यासिका चालवतो. सीएसआरची बैठक, पालकसभा, वार्षिक सभा, दर वेळी वेगळा स्वयंसेवक पीपीटी करतो आणि प्रत्येक पीपीटी वेगळ्याच संस्थेची वाटते. कुणी मराठीत करतं, कुणी इंग्रजीत. डिझायनर ठेवणं परवडत नाही. एकदाच असं टेम्प्लेट करता येईल का, की कुणीही वापरलं तरी सारखंच दिसेल?

उत्तर:

येईल, आणि त्यासाठी पॉवरपॉइंट सोडून वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. बहुतेक संस्थांमध्ये टेम्प्लेट म्हणून जी फाइल फिरत असते ती खरं तर मागच्या वर्षीची बरी जमलेली पीपीटी असते. नवा स्वयंसेवक ती उघडतो, जुना मजकूर पुसून नवा टाकतो. मजकूर मावला नाही की अक्षर लहान करतो. फोटो उभा निघाला की ओढून ताणून बसवतो. दोन-तीन हातांतून गेल्यावर मूळ मांडणीतलं काहीच शिल्लक राहत नाही, आणि यात स्वयंसेवकाचा दोष नाही. ती फाइल त्याला प्रत्येक स्लाइडवर निर्णय घ्यायला लावते. अक्षर केवढं, फोटो कुठे, रंग कुठला, हे निर्णय त्याच्यापुढे येऊच नयेत अशी फाइल तुम्हाला बांधायची आहे.

ते काम स्लाइडवर होत नाही, स्लाइडच्या मागे होतं. View मध्ये Slide Master उघडा. डावीकडे सर्वांत वर एक मोठी स्लाइड दिसेल, ती मास्टर. तिच्याखाली लहान लहान लेआउट असतात. लोगो, पान क्रमांक, खालची पट्टी हे सगळं मास्टरवर टाका. तिथे टाकलेली वस्तू नेहमीच्या स्लाइडवर दिसते, पण माउसने पकडता येत नाही. म्हणजे लोगो हलवायची किंवा ताणायची सोयच उरत नाही. पॉवरपॉइंटमध्ये खरं कुलूप म्हणावं असं एवढंच आहे. बाकी काहीही स्वयंसेवक बदलू शकतो, म्हणून बाकीचं त्याला बदलावंसं वाटणार नाही असं करायचं.

लेआउट ठरवण्याआधी संस्थेच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पीपीटी गोळा करा आणि प्रत्येक स्लाइड काय सांगते ते एकेका ओळीत लिहा. तुर्भ्यातल्या एका संस्थेसाठी मी हेच केलं होतं. त्यांचंही काम तुमच्यासारखंच, अभ्यासिकांचं. स्लाइड कितीही असोत, प्रकार मोजकेच निघाले: सुरुवातीची स्लाइड, नव्या भागाचं नाव, मुद्दा आणि चार ओळी, आडवा फोटो, उभा फोटो, एक मोठा आकडा, तक्ता किंवा आलेख, आणि शेवटी संपर्क. आठ लेआउट झाले. पॉवरपॉइंट स्वतः देतो ते उरलेले सगळे काढून टाकले. त्यातला Blank तर आवर्जून काढा. मोकळी स्लाइड मिळाली की माणूस त्यावर स्वतःचे मजकुराचे चौकोन ठेवायला लागतो, आणि पीपीटी तिथूनच बिघडते.

प्रत्येक लेआउटवर राइट क्लिक करून Rename Layout ने त्याला कामाचं नाव द्या. ‘उभा फोटो आणि दोन ओळी’ असं नाव असलं की कुणाला विचारावं लागत नाही. मग Insert Placeholder वापरून जागा आखा. प्लेसहोल्डर आणि साधा मजकुराचा चौकोन दिसायला सारखे असले तरी फरक मोठा आहे. प्लेसहोल्डरचं माप, जागा आणि अक्षर मास्टरमधून येतं, आणि उद्या मास्टर बदलला तर त्या फाइलमधल्या सगळ्या स्लाइड बदलतात. साधा चौकोन जिथे ठेवला तिथेच राहतो, त्याचा मास्टरशी काही संबंध नसतो.

प्लेसहोल्डरमध्ये मूळचं इंग्रजी सूचनावाक्य असतं. ते पुसून तुमचं लिहा. ‘मजकूर लिहा’ एवढंच लिहिण्यात अर्थ नाही. काय लिहायचं ते सांगा: ‘कोणती अभ्यासिका, कोणता महिना. मुलांची नावं नकोत’. रिकामा राहिलेला प्लेसहोल्डर सादरीकरणाच्या वेळी दिसत नाही, त्यामुळे सूचना थोडी लांब झाली तरी चालते. लहान मुलांच्या फोटोंबाबतची संस्थेची शिस्त अशी थेट फाइलमध्येच घालता येते, वेगळं पत्रक काढावं लागत नाही.

आता एक सेटिंग, ज्याकडे जवळपास कुणाचंच लक्ष जात नाही. मजकूर जास्त झाला की पॉवरपॉइंट आपण होऊन अक्षर लहान करतो. म्हणून एका स्लाइडवर 24 पॉइंट, पुढच्यावर 17, त्यापुढे 20 असं होतं. स्वयंसेवकाने काहीच केलेलं नसतं, तरी सगळं विस्कटलेलं दिसतं. मास्टरवर शीर्षकाचा आणि मजकुराचा प्लेसहोल्डर निवडा, Format Shape मध्ये Text Options, त्यात Text Box, आणि Do not Autofit करा. लेआउटवरही तेच राहिलं आहे ना ते एकदा पाहा. आता जास्तीचा मजकूर चौकोनाबाहेर लोंबेल. तो डोळ्यांना खुपतो आणि खुपायलाच हवा, कारण मग माणूस अक्षर बारीक करण्याऐवजी वाक्य कापतो किंवा दुसरी स्लाइड घेतो. त्याच ठिकाणी मजकुराच्या पाचही पातळ्या बघून घ्या. Tab दाबला की अक्षर एकेक पायरी लहान होत जातं. पहिली पातळी 24, दुसरी 20, आणि तिसरीपासून पाचवीपर्यंतही 20 च ठेवा. शीर्षकाला 32 पुरे, आणि शीर्षक चौकोनात वरच्या कडेला चिकटवा, म्हणजे ते एका ओळीचं असो की दोन ओळींचं, सुरुवात एकाच जागी होते.

मराठीचा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण टेम्प्लेटवरच्या इंग्रजी लेखांत याचा उल्लेखही नसतो. तुम्ही थीममध्ये कितीही चांगला फॉन्ट निवडलात तरी तो लागू होतो फक्त रोमन अक्षरांना. देवनागरीसाठी थीमच्या फाइलमध्ये वेगळी ओळ असते आणि तिथे सहसा Mangal लिहिलेलं असतं. म्हणून इंग्रजी पीपीटी नीट दिसते, मराठी पीपीटी मात्र वेगळ्याच फॉन्टमध्ये उमटते, आणि मग प्रत्येक स्वयंसेवक आपापल्या आवडीने फॉन्ट बदलतो. तुमच्याकडे मराठी आणि इंग्रजी पीपीटी वेगळ्या दिसण्यामागे बहुधा हेच आहे.

फॉन्ट निवडताना माझं मत सरळ आहे: जो सगळ्यांच्या मशीनवर आधीपासून आहे तोच घ्या. Mukta सारखे मोफत फॉन्ट दिसायला जास्त देखणे आहेत, मलाही आवडतात, पण ज्याच्या लॅपटॉपवर तो नाही तिथे पॉवरपॉइंट दुसरा कुठलातरी लावतो आणि ओळी भलतीकडेच तुटतात. Nirmala UI विंडोज 8 पासून विंडोजसोबतच येतो, आणि त्यात देवनागरी व रोमन दोन्ही अक्षरं आहेत. बदल असा करायचा: टेम्प्लेटची एक प्रत काढून तिच्या नावाचा शेवट `.zip` करा, 7-Zip सारख्या सॉफ्टवेअरने ती न सोडवता आतूनच `ppt/theme/theme1.xml` उघडा, आणि `majorFont` व `minorFont` या दोन्ही भागांत या ओळी शोधून अशा करा. मधल्या बाकीच्या ओळींना हात लावू नका.

```
<a:latin typeface="Nirmala UI"/>
<a:cs typeface="Nirmala UI"/>
<a:font script="Deva" typeface="Nirmala UI"/>
```

पहिल्या ओळीत आणखी काही गुणधर्म लिहिलेले असले तर ते काढले तरी चालतं. जतन करा, नावाचा शेवट पूर्वीसारखा करा आणि उघडा. एकाच शीर्षकात ‘वार्षिक अहवाल Annual Report’ असं टाइप करून बघा. दोन्ही लिपींची जाडी आणि उंची एका घराण्यातली वाटली की काम झालं. हे एकदाच करायचं काम आहे. स्वतःला जमणार नसेल तर स्वयंसेवकांपैकी संगणक शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडून करून घ्या, त्याला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाहीत.

मराठीचीच दुसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या थीममध्ये हे अंतर 0.9 असतं. रोमन अक्षरांना ते चालतं. देवनागरीत मात्र वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांना भिडतात. ‘मूल्यवर्धन’ आणि त्याखाली ‘विद्यार्थी’ असे शब्द टाकून पाहा, लगेच दिसेल. मास्टरवर शीर्षकाला 1.0 आणि मजकुराला 1.1 करा. आणि मास्टरमध्ये तिरकं अक्षर कुठेही ठेवू नका, देवनागरीत ते वाकडं झाल्यासारखं दिसतं. जोर द्यायचा असेल तिथे ठळक अक्षर पुरतं.

फोटोंच्या बाबतीत दोन प्रकारचे प्लेसहोल्डर लक्षात ठेवा. Picture प्लेसहोल्डर आपली जागा पूर्ण भरतो, म्हणजे फोटोचा जास्तीचा भाग आपोआप कापतो. अभ्यासिकेच्या फोटोंसाठी हेच हवं, सगळे फोटो एका मापाचे दिसतात. डोकी कापली गेली तर Crop दाबून आतला फोटो सरकवायचा, चौकट हलवायची नाही. पण त्याच प्लेसहोल्डरमध्ये देणगीदार कंपनीचा लोगो टाकलात तर त्याच्याही कडा कापल्या जातात, आणि महापे-ऐरोलीतल्या ज्या कंपनीसमोर तुम्ही बसणार आहात तिचाच लोगो अर्धवट दिसतो. म्हणून सहयोगी संस्थांच्या लोगोसाठी Content प्लेसहोल्डर ठेवा. तो चित्र न कापता जागेत बसवतो.

रंगांचं थोडक्यात. थीमच्या रंगांमध्ये बारा जागा असतात, त्यांतले सहा Accent रंग आलेख क्रमाने उचलतो. पहिला तुमच्या लोगोचा मुख्य रंग, दुसरा राखाडी, आणि पुढचे त्याच कुळातले ठेवा. पिवळा किंवा फिकट केशरी रंग मजकुरासाठी नकोच, शाळेच्या हॉलमधल्या जुन्या प्रोजेक्टरवर खिडकीचा उजेड असताना तो पांढऱ्यावर दिसतच नाही.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते एका स्लाइडवर दाखवतो. स्वयंसेवकाकडे साधारण असा मजकूर येतो: ‘आमच्या संस्थेमार्फत चालवण्यात येणाऱ्या अभ्यासिकांमधील विद्यार्थ्यांच्या उपस्थितीमध्ये यंदा लक्षणीय वाढ झालेली असून एकूण 120 विद्यार्थ्यांपैकी 96 विद्यार्थी नियमित उपस्थित राहतात’. आकडे उदाहरणादाखल घेतलेत. जुन्या पद्धतीत हे अख्खं वाक्य गोळीचं चिन्ह लावून स्लाइडवर जातं. ‘एक मोठा आकडा’ या लेआउटमध्ये तीनच प्लेसहोल्डर आहेत. पहिल्याची सूचना: ‘काय बदललं ते एका वाक्यात, क्रियापदासह’. दुसऱ्याची: ‘फक्त आकडा’. तिसऱ्याची: ‘कितीपैकी, कुठे, कोणत्या काळात’. तो लिहितो ‘पाचपैकी चार मुलं आता रोज येतात’, खाली 96 पॉइंटमध्ये ‘80%’, आणि त्याखाली ‘120 पैकी 96 विद्यार्थी, सर्व अभ्यासिका, जून ते ऑक्टोबर’. ‘लक्षणीय वाढ’ हे शब्द गळून पडतात, कारण त्यांना बसायला जागाच नाही. शिवाय काळ विचारल्यामुळे त्याला तो कार्यालयात विचारून घ्यावा लागला, आणि सीएसआरच्या बैठकीत पहिला प्रश्न नेमका तोच येतो.

इथे मोठ्या आकड्याचा प्लेसहोल्डर Text प्रकारचा घ्या आणि त्याच्या गोळ्या बंद करा. नाहीतर 80% च्या आधी ठिपका येतो आणि तो काढण्यासाठी माणूस चौकोनच बदलून टाकतो.

बिघाड कुठून शिरतो? सर्वांत जास्त पेस्ट करण्यातून. जुन्या पीपीटीतली स्लाइड आणताना Keep Source Formatting निवडलं की तिच्यासोबत तिचा अख्खा जुना मास्टर फाइलमध्ये येतो. Slide Master उघडल्यावर डावीकडे दोन मोठ्या स्लाइड दिसल्या तर हेच झालं आहे असं समजा. पेस्ट करताना Use Destination Theme निवडायचं, एवढा एक नियम स्वयंसेवकांना सांगावाच लागतो. तपासायची सोपी युक्ती अशी: View मध्ये Outline View उघडा. प्लेसहोल्डरमधला मजकूर तिथे दिसतो, साध्या चौकोनातला दिसत नाही. एखाद्या स्लाइडसमोर शीर्षकाची जागा रिकामी असेल आणि स्लाइडवर मात्र शीर्षक दिसत असेल, तर ते हाताने टाकलेलं आहे. कुठला प्लेसहोल्डर हलला-ताणला असेल तर Home मधलं Reset दाबलं की तो मूळ जागी आणि मूळ अक्षरात परत येतो. हाताने टाकलेल्या चौकोनावर Reset चालत नाही, तो मजकूर कापून प्लेसहोल्डरमध्येच पेस्ट करावा लागतो.

तुमच्याकडे जुने अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील. तो मजकूर युनिकोड नसतो. आत साठवलेली अक्षरं रोमन असतात आणि फक्त त्या फॉन्टमुळे मराठी दिसतात. टेम्प्लेटचा फॉन्ट लागला की तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतात आणि सगळे म्हणतात टेम्प्लेट खराब आहे. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार मात्र वाचून तपासा, चुका तिथेच राहतात.

फाइल जतन करताना `.potx` हा प्रकार निवडा. तिच्यावर डबल क्लिक केलं की नवी, बिननावाची पीपीटी उघडते आणि मूळ फाइल तशीच राहते. तिच्यात भरलेल्या नमुना स्लाइड ठेवू नका, कुणीतरी घाईत मागच्या वर्षीचे आकडे तसेच पुढे नेतो. भरलेला नमुना वेगळ्या पीडीएफमध्ये द्या. टेम्प्लेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, तिथून प्रत्येकजण वेगळी जुनी प्रत उचलतो. ड्राइव्हवर एकाच जागी, फक्त पाहण्याची परवानगी देऊन ठेवा आणि ग्रुपवर लिंक टाका.

तुमचे बहुतेक स्वयंसेवक मोबाइलवर किंवा गूगल स्लाइड्सवर काम करत असतील तर टेम्प्लेट तिथेच बांधा. Theme builder मध्ये मास्टर, लेआउट, प्लेसहोल्डर सगळं आहे. फॉन्ट गूगलचे असल्यामुळे वर सांगितलेला फॉन्टचा सगळा खटाटोप वाचतो आणि Mukta निर्धास्त वापरता येतो. लिंकच्या शेवटचं `/edit` काढून `/copy` लिहिलं की उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत करायला सांगितलं जातं. फक्त कार्यक्रमाला नेताना पीडीएफ न्या. पॉवरपॉइंटची फाइल डाउनलोड केली तर हॉलच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल. दोन्हीकडे दोन टेम्प्लेटं मात्र ठेवू नका, दोन महिन्यांत ती एकमेकांपासून लांब जातात.

तयार झाल्यावर ज्याने ते पाहिलेलं नाही अशा स्वयंसेवकाच्या हातात द्या. सोबत खरा माल द्या: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले उभे-आडवे फोटो, उपस्थितीचा तक्ता, मराठीतली लांब शीर्षकं. शेजारी बसा आणि काही सांगू नका. तो Insert मधून Text Box घेईल ती जागा टिपून ठेवा, तिथे तुमचा एखादा लेआउट कमी आहे किंवा असलेल्याचं नाव कळत नाही. तुर्भ्याच्या संस्थेत मुलाखत घेतलेल्या आईचं वाक्य टाकायला जागाच नव्हती, म्हणून नववा लेआउट आला.

पुढे बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा आणि वर्षातून एकदाच करा. टेम्प्लेट बदललं म्हणून आधी तयार झालेल्या पीपीटी आपोआप बदलत नाहीत. त्या उघडून Design मधल्या Browse for Themes ने नवी `.potx` लावावी लागते. त्या वेळी जुन्या स्लाइड नव्या लेआउटवर बरोबर बसाव्यात म्हणून लेआउटची नावं तीच राहू द्या. नाव बदललेला जुना लेआउट त्या फाइलमध्ये तसाच मागे राहतो आणि निवडायच्या यादीत दोन्ही दिसू लागतात.